पीतज्वर: माकडांचा आजार शहरात कसा शिरतो?

२०१७ आणि २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांना दगडांनी, काठ्यांनी, विष घालून मारलं. माकडांमुळे पीतज्वर पसरतो, असा त्यांचा समज होता. खरं तर दक्षिण अमेरिकेतली हाउलर माकडं पीतज्वराच्या विषाणूने स्वतःच पटापट मरतात. जंगलात मेलेली माकडं सापडू लागली, की विषाणू जवळ आलाय हे आरोग्य खात्याला कळतं. पहारेकऱ्यालाच मारून टाकण्याचा हा प्रकार, अंधश्रद्धेइतकाच घातक. माकडाकडून माणसाला पीतज्वर थेट होत नाही. मधे डास लागतोच.

तिथल्या जंगलात हे काम हिमॅगोगस आणि सॅबेथीस या जातींच्या डासांच्या माद्या करतात. झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास होते आणि त्या बहुतेक वेळ उंच फांद्यांवर, माकडांच्या आसपास असतात. लाकूडतोड्याने झाड पाडलं किंवा कोणी जंगलात कामाला गेलं, की त्या माणसालाही चावतात. आफ्रिकेतल्या जंगलात एडीस आफ्रिकानस हा डास हेच करतो. तिथली माकडं मात्र बहुधा फारशी आजारी पडत नाहीत. याला जंगलचक्र म्हणतात. त्यात माणूस चुकून सापडतो आणि बहुतेक वेळा साखळी त्याच्यापाशीच तुटते.

ती का तुटते, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. माणसाकडून माणसाला विषाणू द्यायचा, तर त्याच मादीने माणसाला दोनदा चावायला हवं: एकदा आजाऱ्याला, मग निरोग्याला. समजा, जंगलातली मादी दहापैकी एकदाच माणसाला चावते. मग दोन्ही चावे माणसालाच बसण्याची शक्यता एक दशांश गुणिले एक दशांश, म्हणजे शंभरात एक. आता शहरातली एडीस इजिप्तीची मादी घ्या. ती घरात राहते, पिंपात आणि टायरमध्ये साचलेल्या पाण्यात अंडी घालते आणि माणसाचंच रक्त पसंत करते. ती दहापैकी नऊ वेळा माणसाला चावते असं धरलं, तर शक्यता शंभरात एक्याऐंशी होते. डासांची संख्या तेवढीच असली तरी धोका एक्याऐंशी पट! शिवाय एका वेळच्या अंड्यांसाठी ती अनेकदा थोडंथोडं रक्त पिते, त्यामुळे तिचे चावेही जास्त.

पण दोन चाव्यांच्या मधे मादी जगायला हवी. विषाणू तिच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोचायला साधारण दहा दिवस लागतात. रोज शंभरातल्या नव्वद माद्या जगत असतील, तर दहा दिवसांनी सुमारे पस्तीस उरतात. रोज ऐंशीच जगल्या, तर जेमतेम अकरा. उष्ण हवेत विषाणूची वाढ लवकर होते. तो सात दिवसांतच लाळेत आला, तर पहिल्या हिशेबात पस्तीसच्या जागी अठ्ठेचाळीस माद्या कामाला येतात.

आणखी एक अडचण माणसाच्या बाजूने आहे. तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रक्तात विषाणू भरपूर असतो. डोळे पिवळे पडतात ते त्यानंतर, तेही काहींनाच. म्हणजे रोग ओळखू येतो, तोवर डासांनी रक्त पिऊन झालेलं असतं. जंगलातून आलेला कामगार या पहिल्या दिवसांत एडीस इजिप्ती असलेल्या वस्तीत येऊन झोपला, तर माणूस, डास, पुन्हा माणूस असं शहरचक्र सुरू होऊ शकतं.

डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडाच्या वियाना भागात हेच चक्र पेटलं आणि पुढे साथ काँगो लोकशाही प्रजासत्ताकातही पोचली. अंगोलात काम करणारे काही चिनी कामगार विषाणू घेऊन चीनलाही परतले. उलट ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ या काळात दोन हजारांहून अधिक माणसं आजारी पडली, पण शहरचक्र सुरू झाल्याचा पुरावा मिळाला नाही. हे कळलं कसं? रुग्ण बहुतांश कामाच्या वयातले पुरुष होते आणि माणसांच्या आधी त्या भागांत माकडं मेली होती. शहरातला डास पसरवत असता, तर घरातल्या बायकामुलांनाही तेवढीच लागण झाली असती. ब्राझीलमध्येही एडीस इजिप्ती मुबलक आहे आणि प्रयोगशाळेत तिथल्या डासांनी हा विषाणू वाहूनही दाखवला आहे, त्यामुळे तिथला धोका संपला असं मी मानत नाही.

जंगलातल्या सगळ्या माकडांना लस देता येत नाही, म्हणून जंगलचक्र संपवता येत नाही. माणसांसाठी मात्र १९३० च्या दशकापासून १७डी ही उत्तम लस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साथ रोखायला वस्तीतल्या किमान ८० टक्के लोकांना लस मिळायला हवी. ऑगस्ट २०१६ मध्ये किन्शासात लसीचा साठा अपुरा होता, तेव्हा नेहमीच्या मात्रेचा पाचवा हिस्सा टोचून लाखो लोकांना संरक्षण देण्यात आलं.