पार्श्वभूमी: माईकमधला ‘भप्प’ आणि टोचणारा ‘स’

घरी बसून आवाज देणारे 2020च्या टाळेबंदीत एकदम वाढले. मात्र ‘भप्प’ आणि टोचणारा ‘स’ या ज्या दोन दोषांवरून निवेदक आणि एडिटर आजही एकमेकांवर वैतागतात, ते त्याच्या तीन-चार वर्षं आधीच घरात शिरले होते. हजार-दोन हजारांत ऑनलाइन मिळणारा, बिनओळखीच्या छापाचा माईक, त्याला धरणारी रबराची जाळी, टेबलाला पकडणारा कात्रीसारखा स्टँड आणि एक गोल काळा स्पंज, असा सगळा संच एकाच खोक्यात यायचा. माझाही पहिला माईक त्यातलाच. बाहेरून जाळी भलीमोठी, पण आत आवाज पकडणारी कॅप्सूल एखाद्या बटणाएवढी.

खरा घोळ अंतराचा आहे. स्टुडिओच्या भिंती आवाज शोषून घेतात, त्यामुळे तिथे माईकपासून वीतभर किंवा त्याहून लांब बसता येतं. घरात पंखा असतो, उघड्या भिंतींचा घुमारा असतो, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या असतात. अंतर निम्मं केलं की तोंडाचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो आणि घुमारा आहे तेवढाच राहतो. म्हणून लोक चार बोटांवर येऊन बोलायला लागले. ते चुकलं असं मी म्हणणार नाही, घुमारा नंतर काढणं त्याहून अवघड आहे. पण चार बोटांवर ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ म्हणताना ओठांतून सुटलेला हवेचा झोत थेट कॅप्सूलवर आदळतो. तो आवाज नसतोच, वारा असतो. तोंडापुढे तळहात धरून ‘पाणी’ म्हणून पाहा. हाताला लागतं तेच माईकला लागतं.

ही अडचण जुनीच. 1930च्या दशकातले रिबन माईक जवळून बोललं की खालचा सूर फुगवायचे, म्हणून पुढे त्यांतल्या काहींवर गाण्यासाठी एक आणि बोलण्यासाठी एक असे स्विच आले. बोलण्याच्या स्विचवर खालचा सूर कापला जाई. आज स्वस्त माईकवर बहुधा तो स्विचही नसतो. दिशा पाहून ऐकणाऱ्या बहुतेक माईकना हा फुगवटा चुकत नाही, आणि हवेच्या झोतालाही असे माईक जास्त बिचकतात. तारेच्या कड्यावर नायलॉनचा मोजा ताणून माईकपुढे धरायची युक्ती स्टुडिओंतून घरांत आली. भरतकामाच्या रिंगवर बायकांचा पातळ मोजा चढवून काम चालवणारे अजून आहेत, आणि खोक्यातल्या स्पंजापेक्षा त्यांचं काम चांगलं चालतं. स्पंज कॅप्सूलला चिकटून बसतो, तर मोजा तिच्यापासून चार बोटं पुढे असतो. मोजा ओलांडल्यावर झोताला विस्कटायला जागा मिळते.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ वाया घालवला असेल तो ‘पॉप’ या शब्दाने. हा शब्द ध्वनिमुद्रणात दोन वेगळ्या घराण्यांतून आला. एक घराणं ओठांतून सुटणाऱ्या झोताचं. ‘पॉप फिल्टर’ म्हणजे मोज्याची ती रिंग, हा शब्द तिथला. दुसरं घराणं ग्रामोफोनच्या तबकडीचं. तिच्यावर चरा असला, धूळ बसली, की सुई उडते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. त्यालाही क्लिक किंवा पॉप म्हणत. संगणकावर आवाज दुरुस्त करायची साधनं सुरुवातीला बरीचशी या दुसऱ्या कामासाठी लिहिली गेली, कारण तेव्हा लोकांना जुन्या तबकड्या आणि कॅसेटी संगणकात भरायच्या होत्या. मेनूतली नावंही तिथूनच आली. नव्या निवेदकाला सांगितलं जातं, ‘पॉप येतोय, काढून पाठव.’ तो मेनूत शोधतो, Click Removal सापडतं, तो ते चालवतो, काहीच बदलत नाही. मग माईकला शिव्या.

बदलणार नाहीच. ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या प्रोग्राममधल्या Click Removal मध्ये Max Spike Width नावाची एक सेटिंग आहे. ती मुळात 20 वर असते आणि जास्तीत जास्त 40 पर्यंत जाते. हे आकडे नमुन्यांचे, म्हणजे संगणक क्षणाक्षणाला घेतो त्या आवाजाच्या मोजमापांचे आहेत. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर 40 नमुने म्हणजे एक मिलिसेकंदही भरत नाही. चऱ्याचा ‘टक्’ असतोच तेवढा. ओठांचा ‘भप्प’ मात्र 30 ते 60 मिलिसेकंद चालतो, म्हणजे साधारण तेराशे ते सव्वीसशे नमुने. शिवाय तो टोकदार नसून गोलसर, संथ लाटेसारखा असतो. साधनाच्या नजरेत तो दोषच नाही. मी स्वतः एका कामात थ्रेशोल्ड, म्हणजे दोष धरायची मर्यादा, खाली-खाली नेत गेलो, तेव्हा ‘भप्प’ जागेवर राहिला आणि शब्दांतल्या ‘ट’, ‘क’ची धार मात्र गेली. ते काम परत आलं, आणि परत यायलाच हवं होतं.

पहिल्या घराण्याच्या पॉपला उपाय वेगळा. त्यातली जवळजवळ सगळी ताकद 150 हर्ट्झच्या खाली असते, म्हणून तिथे हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचे सूर कापणारा फिल्टर, लावतात. वाद आहे तो पूर्ण फाईलवर लावायचा की एकेका पॉपवर, याचा. पूर्ण फाईलवर 80 हर्ट्झला लावला तर टेबलाची थरथर आणि पंख्याची घरघर जाते, पण पॉप अर्धाच जातो. तोच 150 वर नेला तर पॉप जातो, आणि पुरुषाचा आवाज फोनवरून आल्यासारखा पोकळ होतो, कारण बऱ्याच पुरुषांच्या बोलण्याचा मूळ सूरच 100 ते 130च्या आसपास असतो. वेळ वाचतो म्हणून पुष्कळ जण पूर्ण फाईलवरच 150 लावून मोकळे होतात. मला तो आळस वाटतो.

एक वाक्य घेऊ: ‘भाऊ फाटकापाशी पोचले तेव्हा पाऊस सरला होता.’ चार बोटांवरून, सरळ माईकच्या तोंडात बोललेलं. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून पाहिला की ‘भा’च्या सुरुवातीला एक-दोन रुंद डोंगर दिसतात, आणि त्यांच्यामागे स्वराच्या दाट, सारख्या अंतराच्या रेघा सुरू होतात. डोंगराच्या किंचित आधीपासून स्वराच्या दुसऱ्या-तिसऱ्या रेघेपर्यंत निवड करायची. Z दाबला की निवडीच्या कडा शून्य रेषेवर सरकतात. मग High-Pass Filter, 150 हर्ट्झ, Roll-off 24. पुढे ‘पाशी’चा ‘पा’, ‘पो’, ‘पाऊस’चा ‘पा’ यांसाठी नुसतं निवडून Ctrl+R, म्हणजे तोच इफेक्ट पुन्हा. कडा शून्यावर नसल्या तर जोडावर बारीक ‘टक्’ उमटतो. गंमत अशी की तो ‘टक्’ मात्र Click Removal काढू शकतं!

‘फाटक’ बोलणाऱ्यावर आहे. ओठ मिटून म्हटला तर ‘भ’सारखाच डोंगर येतो. खालचा ओठ दाताला लावून म्हणणारे हल्ली पुष्कळ आहेत. त्यांचा डोंगर लहान असतो, पण वारा लांबतो. तिथे निवडही लांब करावी लागते. घाईत डोंगर कापून टाकण्याचा किंवा म्यूट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘पाऊस’चा ‘आऊस’ ऐकू येतो आणि ‘भाऊ’तला महाप्राण जाऊन ‘बाऊ’ उरतो. आणि डोंगराचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट असेल, तर आवाज रेकॉर्ड होतानाच फाटलेला आहे. फिल्टर तो सांधत नाही. माईक तोंडासमोरून थोडा बाजूला, गालाच्या रेषेत घेऊन ते वाक्य पुन्हा बोलणं हाच उपाय.

‘स’चा इतिहास याहून वेगळा आहे. बोलपटाच्या फिल्मवर प्रकाशाने आवाज छापत, तेव्हा ‘स’च्या बारीक लाटा छपाईत पसरायच्या आणि थुंकल्यासारखा आवाज यायचा. तबकडी कोरताना जोरकस ‘स’ने कोरणाऱ्या यंत्राची कॉइल तापायची. एफएमवर वरचे सूर आधी वाढवून पाठवतात, म्हणून तिथे ‘स’ मर्यादा ओलांडायचा. सकार दाबणारी यंत्रं, म्हणजे डी-एसर, यंत्रांना आणि प्रसारणाला वाचवण्यासाठी वाढली. कानाला बरं वाटणं हा जोडधंदा होता. आजच्या प्लगइनमध्येही तोच स्वभाव उतरला आहे: एक पट्टा ठरवा, त्यात पातळी वाढली की दाबा. अक्षर कोणतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

स्वस्त माईकमध्ये वरच्या पट्ट्यात मुद्दाम ठेवलेली चकाकी असते. दुकानातल्या नमुन्यात ती ‘क्लिअर’ वाटते. वर कॉम्प्रेसर लावला की तो मुख्यतः जोरकस स्वरांना पकडून खाली आणतो, हलका ‘स’ त्याच्या हातातून निसटतो, आणि शेवटी सगळंच वर उचललं की ‘स’ पूर्वीपेक्षा पुढे येतो. म्हणून काही जण डी-एसर कॉम्प्रेसरनंतर लावतात, काही आधी. दोन्हींचं चालतं. मी आधी थोडा आणि नंतर थोडा लावतो. पॉपच्या बाबतीत मात्र मतभेद नाही. तो आधीच गेला पाहिजे, नाहीतर कॉम्प्रेसर त्या डोंगराला घाबरून पुढचा अख्खा स्वर दाबतो.

त्याच वाक्यात ‘सरला’चा ‘स’ 6 ते 8 किलोहर्ट्झमध्ये टोचतो. तिथे 4-5 डेसिबल उतरवले तर पुरे. ‘पाशी’तला ‘श’ मात्र 3-4 किलोहर्ट्झच्या आसपास जाडसर बसतो, त्यामुळे ‘स’साठी लावलेला पट्टा त्याला फारसा स्पर्श करत नाही. आणि ‘पोचले’. मराठीतला हा दंत्य ‘च’ म्हणजे ‘त’ला लगटलेला ‘स’. डी-एसरने त्यातला ‘स’ खाल्ला की ‘पोतले’ ऐकू येतं. तयार सेटिंगांमध्ये असल्या ‘च’चा विचार केलेला दिसत नाही, आणि मराठीत ‘चांगला’, ‘चूक’ पावलोपावली येतात, तसाच ‘माझा’तला दंत्य ‘झ’ही. म्हणून डी-एसर हलका ठेवून, जे दोन-चार ‘स’ खरंच टोचतात त्यांचाच आवाज हाताने निवडून उतरवावा. ‘पोचले’ला हात लावू नये.

ऐकताना एक गोष्ट फसवते. फोनच्या छोट्या स्पीकरला 150 हर्ट्झखालचं जवळजवळ काही वाजवता येत नाही. त्यामुळे फोनवर तपासणारा ग्राहक फक्त ‘स’ची तक्रार करतो, आणि तीच फाईल गाडीत लावली की ‘भाऊ’ म्हणताच दाराचं पॅनल थरथरतं.