संडासाचा खड्डा नेमका कशाने भरतो?

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं, विषय घरोघरी संडास बांधा आणि वापरा. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून माझ्यावर आलं, नाहीतर असल्या विषयावर कोणाला बोलायचं असतं. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल 2018 मध्येच हागणदारीमुक्त जाहीर झालाय, मग आता हे भाषण कशाला असं कुणालाही वाटेल, पण आमच्याकडे पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडे जाणारी माणसं अजून आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्यांच्या घरी संडास आहे. कोणाच्यात सरपण ठेवलंय, कोणाच्यात कोंबड्या.

मी भाषणाची सुरुवात जंतूंपासून करणार होतो. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर मागून एक अण्णा उठले, म्हणाले, "गुरुजी, घाण वाईट असती हे आमाला कळतंय. पण सरकार देतंय बारा हजार, आणि टाकीलाच लागत्यात त्याच्या चौपट. दहा फूट खोल नको का? नाहीतर भरला की उपसायचा कोणी?"

तिथंच भाषणाचा कागद खिशात घातला, कारण अण्णांच्या त्या एका प्रश्नात पैसेही होते आणि सवयही होती. टाकी मोठी पाहिजे म्हणून बांधकाम परवडत नाही, आणि बांधलं तरी लवकर भरेल म्हणून म्हातारी तेवढी वापरते, बाकीचे बाहेर, म्हणजे खड्डा 'वाचवतात'. उपसायची जी भीती आहे तिच्यामागे नुसती किळस नाही, जात पण आहे, ते काम 'आपलं' नाही असं डोक्यात बसलेलं. ते मी सभेत थेट बोललो आणि थोडी शांतता झाली, असो.

मी अण्णांना उलटं विचारलं, खड्डा भरतो कशाने?

"कशाने म्हंजे, घाणीने."

इथंच सगळा घोटाळा आहे, खरं तर तो भरतो पाण्याने. मैल्यात स्वतःमध्येच तीन चतुर्थांश पाणी असतं, वर लघवी, धुवायचं पाणी, ओतायचं पाणी. पाच माणसांच्या घरातून रोज अंदाजे 45 लिटर पाणी खड्ड्यात जातं, माणशी 9 धरून. आणि ज्याला खरंच घाण म्हणावं, म्हणजे पाणी झिरपून गेल्यावर आणि जिवाणूंनी खाऊन उरलेला गाळ, तो माणशी वर्षाला साधारण 45 लिटर. पाच माणसांचा 225 लिटर, वर्षभराचा! एका मोठ्या ड्रममध्ये जवळपास बसेल एवढाच.

आता साधा शोषखड्डा घ्या, 1 मीटर रुंद गोल आणि पाईपच्या खाली 1 मीटर खोल. त्यात मावतात 785 लिटर. 785 ला 225 ने भागा, साडेतीन वर्षं येतात. असे दोन खड्डे, म्हणजे एक भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला झाकून विसरायचा. अण्णांची दहा फूट खोल आठ बाय सहाची टाकी धरली तर ती 480 घनफूट, म्हणजे साधारण साडेतेरा हजार लिटर. त्याच हिशोबाने ती भरायला साठ वर्षं लागतील, नातवाच्या म्हातारपणासाठी आज पैसे घालायचे का?

पण हा हिशोब खरा कधी, तर पाणी जमिनीत मुरलं तर. आमच्या गल्लीतल्या एका घरी संडास बांधला, गवंड्याने खड्ड्याला आतून छान गिलावा केला, वर सिमेंटचा घोटीव हात मारला, मालक खुश, आणि तीन आठवड्यांच्या आत भांड्यातून पाणी वर यायला लागलं. मग गावभर झालं की बघा, दोन खड्ड्यांचं हे सरकारी मॉडेल बोगस आहे. आता भागाकार करा ना, 785 लिटरच्या बंद भांड्यात रोज 45 लिटर ओतले तर 17 दिवसांत भरणारच! ती दहा फुटी टाकीसुद्धा आतून गुळगुळीत करून जाण्याची वाट न ठेवता बांधली तर दहा महिन्यांत काठोकाठ, आणि मग तिच्यातून पाईप काढून गटारात सोडतात, म्हणजे घाण घरातून निघून शेजाऱ्याच्या दारात.

म्हणून शोषखड्ड्याची वीट एकीला एक भिडवायची नसते, मधे फट सोडून जाळीसारखी लावायची असते, आणि तळाला काँक्रीट टाकायचं नसतं. गवंड्याला हे पटत नाही कारण आयुष्यभर त्याला पाणी गळू नये असंच बांधायला शिकवलेलं असतं, इथं उलट गळायलाच पाहिजे. त्या मालकाने शेवटी छिन्नीने गिलावा फोडला, विटांच्या सांध्यात जागोजागी भोकं पाडली, खर्च एक दिवसाची मजुरी.

आता माझा आवडता भाग, माती. (सभेत इथं चार-पाच जण बाहेर बिडी ओढायला गेले, तुम्ही थांबा.) पाणी मुरायला लागलं की खड्ड्याच्या बाजूच्या मातीवर हळूहळू एक काळपट बुळबुळीत थर बसतो, जिवाणूंचा. तो पाणी मुरायचा वेग कमी करतो म्हणून सुरुवातीला खड्डा भराभर पाणी पितो आणि नंतर मंदावतो, पण तोच थर गाळणीसारखा जंतू अडवतो. त्यातून सुटलेले पुढे मातीच्या कणांना चिकटतात आणि तिथंच मरतात. खड्ड्यात जो वायू होतो, कार्बन डायऑक्साईड आणि मिथेन, तोही माती शोषून घेते, म्हणून या खड्ड्याला वर उंच पाईप लागत नाही. वासाचं काम भांड्याखालचा वाकडा ट्रॅप करतो, त्यात जेमतेम 2 सेंटीमीटर पाणी उभं असतं आणि तेवढ्याने वास अडतो. ओतायला दीड-दोन लिटर बास, फक्त भांडं ग्रामीण संडासाचं, जास्त उताराचं पाहिजे. शहरी पसरट भांडं बसवलं की बादली लागते आणि मग हिशोब बिघडतो.

वेग किती मंदावतो ते मातीवर आहे. एक चौरस मीटर मुरमाड-वाळूसर माती रोज 30 लिटर तरी पिते, आपली काळी माती धरतात 10. आपल्या खड्ड्याची बाजूची भिंत आहे 3.14 चौरस मीटर. वाळूसर मातीत 94 लिटर जिरतील, आपल्याला पाहिजे 45, काम झालं. काळ्या मातीत जिरतील 31 आणि येतात 45, म्हणजे गिलावा न करता पण खड्डा भरणार. आणि हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पावसाळ्यात काळ्या रानात पाणी कसं उभं राहतं त्याला माहीतच आहे. उपाय असा की खड्डा खणताना सगळ्या बाजूंनी 30 सेंटीमीटर जास्त खणायचा आणि त्या जागेत वाळू नाहीतर विटांचे तुकडे भरायचे. आता मातीला लागणारं वर्तुळ झालं 1.6 मीटरचं, भिंत झाली 5 चौरस मीटर, गुणिले 10 म्हणजे 50 लिटर. पाचाने का होईना, जमलं.

मर्यादा पण सांगितली पाहिजे. विहिरीपासून निदान 10 मीटर लांब घ्यायचा आणि भूजल खड्ड्याच्या तळाच्या 2 मीटर तरी खाली पाहिजे. जिथं वर मातीच नाही, थेट भेगाळलेला काळा पाषाण आहे तिथं हे गणित चालत नाही, कारण भेगेतून पाणी न गाळता सरळ धावतं, 10 मीटरचं अंतर तिथं काही कामाचं नाही. तिथं खड्डा उथळ घेऊन भोवती वाळूचा थर द्यावा लागतो आणि विहीर जितकी लांब तितकी बरी. एकाने विचारलं वास्तूप्रमाणे ईशान्येला चालेल का, म्हणलं जमिनीला दिशा कळत नाही, उतार कळतो, विहीर खालच्या अंगाला असेल तर कुठलीही दिशा वाईट. आणि बाजारात 'जिवाणू पावडर' मिळते खड्ड्यात टाकायला, ती घेऊ नका, आपण सगळे रोज ते जिवाणू फुकट पुरवतोय. फक्त ॲसिडचे डबेच्या डबे ओतून ते मारू नका.

राहिलं उपसणं. झाकलेल्या खड्ड्यात नवीन काही पडत नाही, पाणी आटतं, जंतू उपाशी मरतात. सगळ्यात चिवट असतात जंताची अंडी, त्यांच्यासाठी दीड-दोन वर्षं थांबायचं. नंतर निघतं ते काळसर भुसभुशीत खत, वास येत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणात वरंगळ जिल्ह्यातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरून खत काढत होते, त्याची बातमी आली होती. मुख्य म्हणजे हे काम घरचा माणूस फावड्याने करू शकतो, कोणाला बोलवायला नको. बंद टाकीत मात्र कोणीही उतरायचं नाही, तिथला वायू माणूस मारतो.

सवयीचं एका आजोबांनी काढलं, "चार भिंतीत आमचं होतच नाही, चाललं की होतं." खोटं नाही ते. सकाळी उठल्यावर आणि चहा पोटात गेल्यावर मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, चालण्याने त्याला मदत होते. मग चहा घ्या, अंगणात चार चकरा मारा आणि आत जा, आठ-पंधरा दिवसांत शरीर नवीन जागा शिकतं. त्यांच्या मागे बसलेली सून कोणाकडे न बघता म्हणाली, "बायांनी अंधार पडस्तवर दाबून धरायचं ते?" दाबून धरलं की आतडं मळातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो, बद्धकोष्ठता होते, हे मी सांगितलं, पण तिच्या वाक्यानंतर माझ्या माहितीची फार गरज नव्हती. पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायचा तो 'गुड मॉर्निंग पथका'चा प्रकार मला कधीच पटला नाही, शिट्ट्या वाजवून कोणाचं आतडं सुधारत नाही.

सभा संपल्यावर अण्णा मला त्यांच्या भावाच्या घरी घेऊन गेले, तिथं दोन खड्डे आहेत तरी चार वर्षांत दोन्ही भरत आलेत, मग तुमचं गणित कुठं गेलं म्हणून. मधल्या चेंबरची फरशी उचलली. आत वाय आकाराची नाली होती आणि दोन्ही तोंडं उघडी! मैला पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे वाटून जात होता, कुठल्याच खड्ड्याला विश्रांती नाही. एक तोंड वीट आणि मातीने बंद करायचं असतं हे बांधणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. तेव्हा लगेच डावीकडे वीट लावली. डावीकडच्या झाकणावर अण्णांनी खडूने तारीख लिहिली, मी म्हणलं खडू पावसात जाईल, मग त्यांनी आत जाऊन तेलरंगाचा डबा आणला.