विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट (नागपूर परिसर)

नायट्रेट हा नत्र आणि ऑक्सिजन यांचा पाण्यात सहज विरघळणारा क्षार आहे. त्याला रंग, वास किंवा चव नसते. शेताजवळच्या विहिरीत तो बहुधा खतातून, गोठ्यातून आणि संडासाच्या खड्ड्यातून उतरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (IS 10500) एका लिटरमध्ये 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. पाण्याचा दुसरा स्रोत नसल्यास काही घटकांना या मानकात सूट आहे, नायट्रेटला मात्र नाही. नायट्रेट जास्त असलेले पाणी मोठ्या माणसाला सहसा काही जाणवू देत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या आणि वरच्या दुधावर असलेल्या बाळाच्या अंगात मात्र तेच पाणी रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती काढून घेऊ शकते.

नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचे शुद्ध केलेले पाणी नळाने मिळते, त्यामुळे हा मुख्यतः शहराबाहेरच्या विहिरींचा आणि हातपंपांचा प्रश्न आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर या संत्रापट्ट्यात तो विशेष समजून घ्यावा लागतो. इथे विहीर बागेतच असते. ओलितही तिचेच आणि पिणेही तिचेच. जमीन वरून काळी भारी, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण अशी आहे. विहिरीला पाणी मुरुमातून आणि पाषाणाच्या वरच्या भेगांतून येते, म्हणजे शेताच्या पृष्ठभागापासून फार लांबून येत नाही.

युरियात 46 टक्के नत्र असते. मातीतले जिवाणू युरियाचे आधी अमोनियम करतात आणि मग त्याचे नायट्रेट. अमोनियमचे कण धन भाराचे असतात. चिकणमातीचे कण ऋण भाराचे असल्याने ती अमोनियमला धरून ठेवते. नायट्रेट स्वतःच ऋण भाराचे असल्यामुळे माती त्याला धरत नाही आणि झाडाने उचलले नाही ते पाण्याबरोबर खाली जाते. काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो आणि उन्हाळाभर वर साचलेले नायट्रेट घेऊन जातो. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि ती वाट बंद होते. म्हणून मे महिन्यात तपासलेल्या विहिरीचा आकडा ऑगस्टमध्ये तोच राहील असे धरता येत नाही.

एका हेक्टर बागेचा हिशेब केला तर प्रमाण डोळ्यांपुढे येते. सहा बाय सहा मीटरवर लावलेली 277 झाडे आहेत आणि मोठ्या झाडाला वर्षाला 600 ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे 1.3 किलो युरिया, दिला जातो असे धरू. एकूण नत्र 166 किलो होते. त्याचा पाचवा हिस्सा, सुमारे 33 किलो, झाडाच्या हाती न लागता खाली गेला, तर त्याचे नायट्रेट होते 147 किलो, कारण 1 किलो नत्रापासून 4.43 किलो नायट्रेट बनते. आता पाऊस 1000 मिलिमीटर आणि त्यातला दहावा भाग भूजलाला मिळाला असे धरा. एका हेक्टरमागे ते 10 लाख लिटर पाणी होते. 147 किलो नायट्रेट 10 लाख लिटरमध्ये विरघळले की दर लिटरला 147 मिलिग्रॅम येते, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त. प्रत्यक्षात शेजारच्या पडीक रानाचे पाणी मिसळते, काही नायट्रेट दलदलीच्या मातीत जिवाणू वायूरूपाने सोडून देतात, आकडा कमी-जास्त होतो. पण शिफारशीइतकेच खत देणाऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीतही ही वेळ येऊ शकते, हे या हिशेबातून कळते. त्याने काही चूक केलेली असतेच असे नाही.

सगळा दोष युरियाचाही नसतो. विहिरीच्या काठाशी उकिरडा, गोठ्याचे मूत वाहून येणारी नाली किंवा संडासाचा शोषखड्डा असेल तर तिथूनही भरपूर नायट्रेट येते. पाण्यात नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढलेले आणि कोलिफॉर्म जिवाणू सापडले तर संशय आधी गोठ्यावर आणि संडासावर घ्यावा. वस्तीपासून दूर, चहूकडून बागांनी वेढलेल्या विहिरीत जिवाणू नसताना नायट्रेट जास्त असेल तर खताकडे बोट जाते.

बाळाच्या बाबतीत घडते ते असे. नायट्रेट स्वतः फारसे विषारी नाही. जिवाणूंनी त्याचे नायट्राइट केले की ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते. अशा हिमोग्लोबिनला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. ते ऑक्सिजन उचलत नाही आणि उरलेल्या चांगल्या हिमोग्लोबिनलाही उचललेला ऑक्सिजन सोडू देत नाही. मोठ्या माणसाच्या तांबड्या पेशींतले एक विकर हा बिघाड सतत दुरुस्त करत असते. तान्ह्या बाळात पहिले काही महिने त्या विकराची ताकद प्रौढाच्या निम्म्याच्या आसपास असते. त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिनही उरलेले असते आणि ते लवकर बिघडते. पोटातले आम्ल कमी असल्याने नायट्राइट बनवणारे जिवाणू वरच्या आतड्यातही टिकतात. जुलाब लागले की आतड्याची दाहलेली त्वचा शरीरातच आणखी नायट्राइट तयार करते.

या सगळ्यावर मात्रेचा फरक आहे. 5 किलोचे बाळ पावडरच्या दुधावर असेल तर दिवसाला साधारण 750 मिलिलिटर पाणी त्याच्या पोटात जाते. वरच्या हिशेबातल्या विहिरीच्या पाण्यातून त्याला 110 मिलिग्रॅम नायट्रेट मिळते, म्हणजे दर किलो वजनाला 22 मिलिग्रॅम. त्याच घरात 60 किलोचा माणूस 3 लिटर पाणी पीत असला तर त्याला दर किलोला जेमतेम 7 मिलिग्रॅम मिळते. आईने तेच पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे साचत नाही. त्यामुळे अंगावर पाजले जाणारे बाळ बहुतांशी सुरक्षित राहते. पण त्याच बाळाला उन्हाळ्यात 'घसा कोरडा पडतो' म्हणून चमच्याने विहिरीचे पाणी पाजले, तर ते संरक्षण उरत नाही.

घरातल्या आजीला आणि सुनेला सर्वांत आधी सांगायला हवे ते उकळण्याविषयी. पाणी उकळून घ्यावे हा सल्ला जिवाणूंसाठी योग्य आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही, वाफ गेली की ते दाट होते. एक लिटर पाणी उकळून 700 मिलिलिटर उरले तर 147 चे 210 होते. बाळाची जास्त काळजी घेणारे घर पाणी जास्त वेळ उकळते आणि नकळत जास्त नायट्रेट पाजते, ही गोष्ट मनाला लागते. तुरटी, क्लोरीनची औषधी, फडके, कॅण्डल फिल्टर आणि अतिनील दिव्याचा फिल्टर यांपैकी कशानेही नायट्रेट कमी होत नाही. आरओच्या पडद्यातून ते बहुतांशी अडते, पण पडदा जुना झाला की निसटू लागते. टीडीएस मीटर एकूण क्षार मोजतो, नायट्रेट वेगळे दाखवत नाही. म्हणून आरओमधून निघालेले पाणीही बाळासाठी वापरण्याआधी तपासून घ्यावे लागते.

आजाराची पहिली खूण रंगात दिसते. ओठ, जीभ आणि नखांखालची त्वचा राखट निळी पडते. सावळ्या बाळात हे चेहऱ्यावर कळत नाही, ओठाची आतली बाजू बघावी लागते. साधारण दहावा हिस्सा हिमोग्लोबिन बिघडले की रंग दिसू लागतो, पण बाळ तेव्हा शांतच असते, धाप लागलेली नसते. हेच फसवे ठरते. प्रमाण वाढले की बाळ दूध ओढत नाही, किरकिर करते, मग सुस्तावते. 70 टक्क्यांच्या पुढे जीव वाचणे कठीण असते. अशा बाळाला तान्ह्या वयातला हृदयरोग किंवा न्यूमोनिया समजून उपचार सुरू होण्याचा धोका असतो. ऑक्सिजन लावूनही निळसरपणा हटत नाही. बोटावरचे साधे ऑक्सिमीटर यात चुकीचे आकडे देते, बहुतेकदा 85 च्या आसपास अडकते. बाळाचे रक्त चॉकलेटी दिसते. पांढऱ्या कागदावर एक थेंब ठेवून हवेत धरला तर निरोगी माणसाचे काळपट रक्त लाल होते, हे चॉकलेटीच राहते. नक्की निदानासाठी रक्तातले मेथहिमोग्लोबिन थेट मोजणारे यंत्र लागते.

सौम्य आजारात ते पाणी बंद केले की एक-दोन दिवसांत रक्त आपोआप सुधारते. गंभीर बाळाला रुग्णालयात दर किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम मिथिलीन ब्ल्यू हळूहळू शिरेतून देतात. मात्र G6PD या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात हेच औषध रक्तपेशी फोडू शकते, म्हणून डॉक्टरांना घरातला काविळीचा किंवा पेशी फुटण्याचा इतिहास जरूर सांगावा.

हा संबंध प्रथम स्पष्ट मांडला तो हंटर कॉमली या अमेरिकी डॉक्टरने, 1945 साली, आयोवा राज्यातल्या शेतावरच्या बाळांवरून. 1951 साली अमेरिकेतल्या नोंदींच्या आढाव्यात अशी 278 बाळे आणि 39 मृत्यू मोजले गेले. त्यातून आजची मर्यादा ठरत गेली. पुढे काही संशोधकांनी आक्षेप घेतला की त्या विहिरींपैकी पुष्कळ घाण पाण्याच्या होत्या आणि बाळांना जुलाबही होते, मग दोष एकट्या नायट्रेटचा कसा? आक्षेपात तथ्य आहे. पण आपल्याकडे विहिरीत नायट्रेट आणि जिवाणू एकत्र असणे ही नेहमीचीच स्थिती आहे, त्यामुळे इथल्या बाळासाठी तो आक्षेप मर्यादा सैल करण्याचे कारण ठरत नाही.

तपासणीसाठी ग्रामपंचायतीतल्या फील्ड टेस्ट किटचा उपयोग होतो. त्यात पाण्यात औषध टाकून आलेला रंग तक्त्याशी जुळवतात. संशयास्पद आकडा आला की नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. स्वच्छ बाटलीत, थंड ठेवून, एका दिवसाच्या आत. अहवाल वाचताना एकक आधी बघावे. नायट्रेट NO3 म्हणून लिहिले असेल तर 45 ही मर्यादा आहे. NO3-N असे लिहिले असेल तर तीच मर्यादा सुमारे 10 होते. NO3-N खाली 20 लिहिलेले पाहून '45 च्या आत आहे' म्हणून निश्चिंत होणे ही चूक आहे, कारण ते 20 म्हणजे नायट्रेटचे 89 आहेत.

विहीर सुधारायला वेळ लागतो. खत एकदम न देता ठिबकमधून थोडे थोडे दिल्यास, पहिल्या जोरदार पावसाच्या तोंडावर युरिया टाकणे टाळल्यास आणि उकिरडा विहिरीपासून दूर उताराच्या बाजूला हलवल्यास नवे नायट्रेट कमी उतरते. आधीच मुरुमात साठलेले मात्र पुढची काही वर्षे निथळत राहते. त्या काळात बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, आणि ते शक्य नसल्यास पावडर कालवायला नळयोजनेचे किंवा तपासलेले दुसरे पाणी वापरावे. विहिरीचे पाणी मोठ्यांच्या स्वयंपाकाला, भांड्यांना आणि बागेला चालते. बागेला तर त्यातले नत्र खत म्हणूनच मिळते: 147 मिलिग्रॅमचे पाणी हेक्टरी 10 लाख लिटर दिले की 33 किलो नत्र परत झाडांकडे जाते, आणि तेवढा युरिया कमी टाकता येतो.