तेल थापूनही टाच कडकच का राहते, मॉइश्चरायझरमागची गोष्ट

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात हवा इतकी कोरडी असते की टाचा फुटतातच, आणि आमच्या घरी त्यावर एकच उपाय, रात्री कोरड्या टाचेवर खोबरेल थापायचं. सकाळी टाच चकचकीत दिसायची पण बोट फिरवलं की भेगेची कड तशीच कडक.

याचं उत्तर १९५२ साली मिळालं. आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे तेलात ठेवून बघितले, ते ठिसूळच राहिले, पाणी मिळालं तेव्हा कुठे लवचिक झाले. म्हणजे कातडी मऊ ठेवतं ते पाणी, आणि तेलकट थर त्या पाण्याला फक्त उडून जाऊ देत नाही.

आणि लावायच्या वस्तू तर आधीपासून होत्याच, प्रत्येक वेगळ्याच धंद्यातून आलेली. ग्लिसरीन १७७९ मध्ये स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ शील यांना ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवताना सापडलं, पुढे साबण करताना ते आपोआप निघायला लागलं. व्हॅसलिन तेलविहिरींवरचं, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ चेसब्रो १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात गेले तेव्हा कामगार पंपाच्या दांड्यावरचा मेणचट थर भाजल्या-कापल्यावर लावत होते, तोच त्यांनी शुद्ध केला आणि १८७२ ला पेटंट घेतलं. पहिलं पाणी ओढून धरतं म्हणून ह्युमेक्टंट, दुसरं झाकण घालतं म्हणून ऑक्लुसिव्ह. या दोन्हींच्या मधला तिसरा प्रकार इमोलियंट, ते सुटलेल्या पापुद्र्यांमधल्या फटी भरून कातडी गुळगुळीत करतं.

आता डबीची मागची बाजू वाचा. समजा लिहिलंय: ॲक्वा, ग्लिसरीन, सेटेरिल अल्कोहोल, पॅराफिनम लिक्विडम, डायमेथिकोन, फिनॉक्सीएथेनॉल, सोडियम हायलुरोनेट. जे जास्त ते आधी, पण एक टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिलेले चालतात. फिनॉक्सीएथेनॉल हे टिकवण्यासाठीचं, सहसा एक टक्क्यापर्यंतच असतं, त्यामुळे त्याच्यामागे आलेलं हायलुरोनेट डबीवर मोठ्या अक्षरात असलं तरी आत अगदी थोडं आहे, इथला खरा ह्युमेक्टंट ग्लिसरीनच. युरिया, सॉर्बिटॉल, सोडियम पीसीए हेही त्याच गटातले. सेटेरिल अल्कोहोल नाव ऐकून घाबरू नका, ते मेणासारखं इमोलियंट आहे, स्पिरिटसारखं कोरडं करत नाही. पॅराफिनम लिक्विडम म्हणजे मिनरल ऑइल, ते ऑक्लुसिव्ह, पेट्रोलेटम म्हणजे व्हॅसलिन आणि सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण हेही तसेच. डायमेथिकोन मात्र इमोलियंट आणि ऑक्लुसिव्ह अशी दोन्ही कामं करतं, त्याला एकाच खान्यात बसवता येत नाही.

या यादीत झाकण आहे पण टाचेसाठी हलकं आहे, कारण पेट्रोलेटम नाही. म्हणून मी आता पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवते, टॉवेलने नुसते टिपते, ओलसर असतानाच हे क्रीम लावते, वरून व्हॅसलिनचा पातळ थर आणि सुती मोजे. युरियाचं क्रीम जाड टाचेला आणखी चांगलं, पण भेगेतून रक्त येत असेल तर ते झोंबतं, तेव्हा भेग भरेपर्यंत नुसतं व्हॅसलिनच.