फोटो की रेंडर? आधी काचेत बघा, मग कडांना बघा

गेल्या महिन्यात मावसभावाने एक फोटो पाठवला. बारा मजली बिल्डिंग, निळंशार आकाश, खाली मेसेज: "दादा हा बघ, सेल्सवाला म्हणतोय ॲक्च्युअल फोटो आहे, बिल्डिंग उभी आहे, टोकन देऊन टाकू का?" पाठोपाठ सॅम्पल फ्लॅटच्या किचनचा दुसरा फोटो. मी त्याला म्हटलं थांब, दोन्ही फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, कारण साध्या पाठवण्यात फोटो दाबला जातो आणि नेमकं जे बघायचं तेच पुसलं जातं.

अशा वेळी, म्हणजे फोटो खरा आहे की रेंडर म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र आहे हे ओळखताना, बहुतेक लोक आकाश बघतात, झाडं बघतात, माणसं चिकटवल्यासारखी वाटतात का ते बघतात. मी सगळ्यात आधी खिडक्यांच्या काचा बघतो. काचेत दोन गोष्टी असतात, एक म्हणजे समोर काय आहे त्याचं प्रतिबिंब आणि दुसरी म्हणजे ती काच किती वाकडी बसवलीय याचा पुरावा, आणि या दोन्ही गोष्टी कॉम्प्युटरवर खऱ्यासारख्या करायला जी मेहनत लागते ती ब्रोशरच्या घाईत सहसा कोणी घेत नाही.

आधी समोर काय आहे ते बघू. भाऊ त्याच भागात राहतो, त्यामुळे त्याला विचारलं की रस्त्याच्या पलीकडे काय आहे. तर पाच मजली जुनी सोसायटी, म्हणजे उंची धरा 15 मीटर, आणि दोन्ही बिल्डिंगमध्ये अंतर साधारण 30 मीटर. चित्र अगदी त्या सोसायटीच्या फाटकाजवळ उभं राहून माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढल्यासारखं होतं. आता सपाट काचेतलं प्रतिबिंब काचेच्या पुढे वस्तू जितकी लांब तितकंच काचेच्या मागे दिसतं, हे आपण शाळेत शिकलोय. म्हणजे फाटकाजवळ उभ्या माणसाला नवी बिल्डिंग 30 मीटरवर आणि तिच्या काचांतली जुनी सोसायटी 60 मीटरवर दिसणार. दुप्पट लांब म्हणजे दिसायला निम्मी. 15 मीटरची सोसायटी नव्या बिल्डिंगच्या खालच्या सात-आठ मीटरमधल्या काचांत मावली पाहिजे, म्हणजे खालच्या अडीच मजल्यांच्या खिडक्यांत सोसायटी आणि त्याच्या वर आकाश.

चित्रात काय होतं? पहिल्या मजल्यापासूनच काचांत मोकळं आकाश, आणि तळाशी नारळासारख्या झाडांची एक पुसट रांग. सोसायटीचा मागमूस नाही.

हे का होतं ते सांगतो, कारण एकदा कळलं की मग दिसायला लागतं. रेंडर करणारा बिल्डिंगचं मॉडेल बनवतो पण आजूबाजूचा अख्खा परिसर बनवत बसत नाही, तो मॉडेलभोवती एक मोठा गोल फोटो गुंडाळतो, 360 अंशांचा, त्याला एचडीआरआय म्हणतात. प्रकाशही त्यातूनच येतो आणि काचेतलं प्रतिबिंबही त्यातूनच. तो फोटो बहुतेक वेळा कुठल्यातरी मोकळ्या मैदानात नाहीतर समुद्रकिनारी काढलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो अनंत अंतरावर आहे असं धरून चालतं. त्यामुळे काचेत रस्त्यापलीकडची सोसायटी येत नाही, विजेचा खांब येत नाही, समोर उभी असलेली रिक्षा येत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. खऱ्या फोटोत जिथे काचेत आकाश पडतं तिथे काच उजळ दिसते आणि आतलं काही दिसत नाही, पण जिथे समोरच्या बिल्डिंगची गडद भिंत पडते तिथे त्याच काचेतून आतला पडदा, कपाटाची पाठ, भिंतीला टेकवलेली गादी असं काहीबाही दिसायला लागतं, कारण साधी काच समोरून बघितली तर जेमतेम आठ टक्के प्रकाश परत पाठवते आणि आकाशाचे आठ टक्के म्हणजे भरपूर, भिंतीचे आठ टक्के म्हणजे जवळपास काहीच नाही. खालच्या मजल्यांवर आतलं दिसणं आणि वर उजळ होत जाणं हा बदल त्या चित्रात कुठेच नव्हता.

आता दुसरा पुरावा, वाकडेपणा. घरातल्या स्लायडिंग खिडकीसमोर रस्त्यावर उभं राहून बघा, तिची दोन शटरं दोन वेगळ्या ट्रॅकवर असतात आणि दोन्ही अगदी एका रेषेत कधीच नसतात. समजा एक मीटर उंच शटरची वरची कड खालच्या कडेपेक्षा फक्त 2 मिलिमीटर पुढे आली आहे. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो, म्हणून 30 मीटरवरच्या सोसायटीवर हा फरक 12 सेंटिमीटर होतो. म्हणजे सोसायटीच्या गच्चीची रेघ एका शटरमध्ये संपते आणि शेजारच्या शटरमध्ये थोडी सरकून सुरू होते. रुळ निखळल्यासारखी. बारा मजल्यांवर अशी शंभरेक शटरं, प्रत्येकाचा कोन वेगळा, म्हणून खऱ्या बिल्डिंगमध्ये प्रतिबिंब फुटलेलं दिसतं.

वर काच स्वतःही सपाट नसते. टफन्ड काच भट्टीत 600 अंशांच्या वर तापवतात आणि ती रुळांवरून पुढे सरकते, तेव्हा ती किंचित मऊ झालेली असते आणि दोन रुळांच्या मधे जराशी झोळते, त्या लहरी गार झाल्यावरही तशाच राहतात. हाताला लागत नाहीत, पण त्यात सरळ खांब बघितला तर तो सापासारखा दिसतो. आणि दुहेरी काच असेल तर मधे हवा सीलबंद असते. अशी काच मुंबईच्या बाजूला समुद्रसपाटीला भरली आणि पुण्यात साडेपाचशे मीटर उंचीवर बसवली तर बाहेरचा दाब साधारण सहा टक्के कमी, त्यामुळे आतली हवा काचेला बाहेर ढकलते आणि प्रत्येक काच उशीसारखी अगदी किंचित फुगते, त्यातलं प्रतिबिंब आक्रसतं. मोठ्या ऑफिस बिल्डिंगच्या काचेरी भिंतीकडे बघितलं की प्रत्येक चौकोनात समोरची इमारत वेगवेगळी पिळलेली दिसते ती या सगळ्यामुळेच.

भावाच्या चित्रात एक ढग होता. तो ढग डावीकडच्या फ्लॅटच्या खिडकीत सुरू होऊन चौदा शटरं ओलांडून उजवीकडे गेला होता आणि कुठेही एका केसाइतकाही तुटला नव्हता. म्हणजे चौदाच्या चौदा काचा अगदी एकाच कोनात. असा मिस्त्री अजून जन्माला यायचाय. मी भावाला लिहिलं, हे रेंडर आहे.

आता कडांकडे येऊ, पण इथे एक चूक लोक करतात ती आधी सांगतो. बिल्डिंगच्या कोपऱ्याची धार फार शार्प आहे म्हणून रेंडर, असं म्हणता येत नाही. चाळीसेक मीटरची बिल्डिंग फोटोत दोन हजार पिक्सेल उंच असेल तर एक पिक्सेल म्हणजे 2 सेंटिमीटर, आणि प्लास्टरच्या धारेची गोलाई असते काही मिलिमीटर, ती त्या फोटोत येणारच नाही. कडा बघायच्या त्या जवळून काढलेल्या चित्रात: किचन, टेबल, मिक्सर, नळ.

घरातली स्टीलची पट्टी घ्या, ट्यूबलाइटखाली धरा आणि हळूहळू फिरवा. कडेवर एक बारीक चमकती रेघ दिसेल आणि पट्टी बऱ्यापैकी फिरवली तरी ती रेघ टिकते. कारण जगातली कुठलीही कड शून्य जाडीची नसते, ती अगदी अर्ध्या मिलिमीटरची का होईना पण गोल असते, आणि त्या गोलाईत एका पृष्ठभागापासून दुसऱ्या पृष्ठभागापर्यंतच्या मधल्या सगळ्या दिशा भरलेल्या असतात, त्यातली एखादी दिशा ट्यूबचा प्रकाश नेमका तुमच्या डोळ्यात पाठवतेच. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मात्र नवा चौकोनी ठोकळा काढला की दोन पृष्ठभाग नुसत्या गणिती रेषेत भेटतात, मधली दिशाच नाही, म्हणून चमकही नाही. अशी वस्तू कागदाची घडी केल्यासारखी दिसते. आपल्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं.

हे रेंडरवाल्यांनाही ठाऊक आहे, ते कडा गोल करतात, त्याला बेव्हल म्हणतात. मग आपण उलटं बघायचं. एका क्लिकमध्ये केलेलं बेव्हल सगळ्या कडांना एकाच मापाचं असतं, ग्रॅनाइटच्या ओट्याला जेवढं तेवढंच ड्रॉवरच्या फळीला, आणि चमकती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. खऱ्या ओट्यावर पॉलिश करणाऱ्याचा हात हलतो, रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, सिंकजवळ एखादा टवका असतो. दोन शटरांमधली फट वर 2 मिलिमीटर असली तर खाली 3 असते.

आणि हे सगळं जमवणारी मंडळीही आहेत, हे मान्य करायला हवं. आयकिया कंपनीच्या कॅटलॉगमध्ये 2006 साली बर्टिल नावाची एक लाकडी खुर्ची आली ती पूर्ण कॉम्प्युटरवर बनवलेली होती, आणि 2014 पर्यंत त्यांच्या सुट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रं अशीच बनत होती. त्यांनी आपल्या फोटोग्राफरना थ्रीडी शिकवलं आणि थ्रीडीवाल्यांना फोटोग्राफी, त्यामुळे खरी कड कशी खराब असते हे त्यांच्या माणसांना डोळ्यांनी माहीत होतं. असल्या चित्रापुढे नुसत्या कडा बघून मी पैज लावणार नाही.

उलट्या बाजूनेही फसायला होतं. भावाचा दुसरा फोटो, किचनचा, मला आधी रेंडर वाटला होता, उभ्या रेषा अगदी सरळ, भिंतीवर एक डाग नाही, प्रकाश सगळीकडे सारखा. पण उभ्या रेषा फोटो एडिट करतानाही सरळ करतात आणि डाग पुसणं तर मोबाईलवरही जमतं, म्हणून मी परत झूम केलं. चिमणीच्या काळ्या काचेत खिडकी दिसत होती आणि तिची चौकट मधेच किंचित पोट काढल्यासारखी वाकली होती. स्टीलच्या सिंकच्या कडेवरची चमक कोपऱ्यात रुंद होऊन पुढे तुटत होती. वरच्या दोन कपाटांमधली फट डावीकडे झुकलेली. आणि नळाच्या क्रोमच्या फुगीर भागात अख्खी खोली गोळा झाली होती, तिच्या मधोमध तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा आणि शेजारी निळ्या शर्टातला एक माणूस, तांदळाच्या दाण्याएवढा.

तो फोटो खरा होता. भाऊ रविवारी साइटवर जाऊन आला, सॅम्पल फ्लॅट तळमजल्यावर पूर्ण तयार आहे, नळ तोच आहे, आणि वर चौथ्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू आहे.