उर्दू शब्दानंतर 05-06 चे 06-05 का होते

मराठी निरोपात मधेच एखादा शब्द उर्दू लिपीत लिहिला की पुढची तारीख उलटते. मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणी शाळेच्या किंवा मंडळाच्या सूचना मराठीत निघतात आणि कार्यक्रमाचे नाव उर्दूत राहते. समजा, लिहिणाऱ्याने टाइप केले: ‘या वर्षीचा’, मग उर्दू लिपीत ‘मुशायरा’, मग 05-06, मग ‘रोजी’. कार्यक्रम पाच जूनला आहे. पण वाचणाऱ्याला ‘या वर्षीचा’च्या लगेच पुढे 06-05 दिसते आणि ‘मुशायरा’ त्याच्याही उजवीकडे. तो सहा मे समजतो. तारीख 25-06 असती तर 06-25 पाहून निदान शंका तरी आली असती.

जुन्या छपाईत हा प्रश्न नव्हता. उर्दूचे पान कातिब हाताने लिही आणि ते शिळाछापावर जाई. पुढे डीटीपी आले तेव्हाही उर्दूचा प्रोग्राम वेगळा, मराठीचे फॉन्ट वेगळे. उर्दू ओळ चित्र म्हणून चिकटवली जाई आणि दिशा माणसाच्या डोळ्याने ठरे.

संगणकावर दोन मार्ग होते. एक म्हणजे डोळ्याला दिसते त्याच क्रमाने अक्षरे साठवायची. हिब्रूची सुरुवातीची वेबपाने अशी होती, पण पडदा अरुंद झाला आणि ओळ मोडली की वाक्याचे तुकडे भलत्याच क्रमाने येत. दुसरा मार्ग युनिकोडने धरला. साठवण वाचण्याच्या क्रमाने आणि दिशा दाखवताना ठरवायची. त्यासाठी प्रत्येक चिन्हाला एक वर्ग मिळाला. देवनागरी अक्षर डावीकडून चालणारे ‘प्रबळ’, उर्दू अक्षर उजवीकडून चालणारे ‘प्रबळ’, 0 ते 9 हे ‘दुर्बल’, जागा आणि कंस ‘तटस्थ’. ‘दुर्बल’ म्हणजे दिशा नसलेले, असा घोळ कायम होतो. अंकाचे आकडे डावीकडूनच लागतात. तो कुठे बसेल आणि त्याच्या आजूबाजूच्या खुणा कशा वागतील, एवढेच शेजारी ठरवतो.

तारीख उलटण्याचे कारण इथेच आहे. उर्दू-अरबी वर्गातल्या अक्षरानंतर आलेले 0-9 अरबी अंकांसारखे मानले जातात, आणि अशा अंकांमधली आडवी रेघ त्यांना जोडत नाही. मग 05 हा एक तुकडा, 06 हा दुसरा, आणि दोन्ही उजवीकडून मांडले जातात. अरबी लिहिणाऱ्याला हेच हवे असते. हिब्रू अक्षरे वेगळ्या वर्गात आहेत, त्यामुळे त्यांच्यानंतर 05-06 मधला क्रम शाबूत राहतो. उर्दूला मात्र अरबीचाच वर्ग मिळाला, आणि मराठीत एकच उर्दू शब्द पेरणाऱ्याचा विचार त्यात दिसत नाही. माझ्या मते गैरसोयीचा सगळा भार त्याच्यावर पडला.

गंमत म्हणजे देवनागरी ०-९ यांना अक्षरांसारखाच ‘प्रबळ’ वर्ग आहे. तोच निरोप ०५-०६ असा लिहिला तर तारीख जागची हलत नाही. कीबोर्डवर हाताशी 0-9 असतात म्हणून आपण तेच वापरतो. तिरकी रेघ घातली, म्हणजे 05/06, तर अंक जोडलेले राहतात आणि क्रम बिघडत नाही. पण तारीख तरीही उर्दू शब्दाच्या डावीकडे जाऊन बसते.

दुसरा नेहमीचा घोटाळा परिच्छेदाच्या दिशेचा. ती बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रबळ अक्षरावरून ठरते. निरोप उर्दूतल्या सलामाने सुरू झाला की त्यापुढचा मराठी मजकूरही उजव्या काठाला लागतो आणि शेवटचा पूर्णविराम डाव्या टोकाला जातो. सलाम वेगळ्या ओळीत लिहिला तर बहुतेक ठिकाणी पुढची ओळ सुटते. काही ॲपमध्ये मात्र संपूर्ण निरोपाची दिशा एकदाच ठरते.

उपाय म्हणून अदृश्य खुणा पहिल्यापासून होत्या. U+200E ही खूण उर्दू शब्दानंतर टाकली की अंक मराठीच्या बाजूला येतो. पूर्ण तुकडा वेढणाऱ्या जुन्या खुणांचा परिणाम शेजारच्या मजकुरावरही होई, म्हणून 2013 मध्ये वेगळेपणाच्या खुणा आल्या. वेबवर त्यांचेच काम `<bdi>` करतो:

```
<bdi>مشاعرہ</bdi> 05-06
```

फोनच्या नेहमीच्या कीबोर्डवर यातली एकही खूण सापडत नाही. शिवाय 2021 मध्ये अशाच खुणांनी प्रोग्राममधला कोड फसवा दाखवता येतो हे उघड झाले. तेव्हापासून कोड लिहिण्याच्या काही साधनांत त्या दिसल्या की इशारा येतो.

तारीख मुळातच चुकली की फक्त उलटी दिसते, हे पाहायचे तर निरोपाची प्रत घेऊन त्यातला उर्दू शब्द खोडावा. 06-05 चे 05-06 झाले, तर लिहिणाऱ्याने बरोबरच लिहिले होते.