बारावीनंतर सीए, सीएस की सीएमए

भारतात हिशेब आणि कंपनी कायद्याशी निगडित असे तीन व्यावसायिक अभ्यासक्रम बारावीनंतर खुले आहेत: सीए (सनदी लेखापाल), सीएस (कंपनी सचिव) आणि सीएमए (परिव्यय लेखापाल). त्यांच्या संस्था अनुक्रमे 1949, 1980 आणि 1959 च्या कायद्यांनी स्थापन झाल्या. निवड बहुतेकदा परीक्षेच्या अवघडपणावरून होते. खरे तर कायद्याने कोणती सही कोणासाठी राखून ठेवली आहे, हे आधी पाहायला हवे.

बारा कोटी भरणा भांडवल आणि दोनशे कोटी उलाढाल असलेला, खासगी कंपनी म्हणून नोंदलेला साखर कारखाना घ्या. त्याच्या वार्षिक हिशेबाचे लेखापरीक्षण सीएच करू शकतो. भांडवल दहा कोटींच्या वर असल्याने पूर्णवेळ सीएस नेमावा लागतो. संचालक मंडळाच्या बैठका, ठराव आणि निबंधकाकडील विवरणपत्रे त्याच्याकडे असतात. साखर हा नियंत्रित उद्योग असल्याने एवढ्या उलाढालीला परिव्यय लेखापरीक्षणही लागते, आणि ते सीएमएचे काम. एक क्विंटल साखरेमागे ऊस, वाफ, मजुरी यांचा खर्च किती, हे त्यात तपासले जाते. शेजारचा सहकारी कारखाना तेवढाच ऊस गाळत असला तरी तो कंपनी कायद्याखाली येत नाही, म्हणून यातल्या शेवटच्या दोन सक्ती त्याला लागू नाहीत. महाराष्ट्रात हा फरक लहान नाही. नोकरीत मात्र या सीमा पुसट होतात. वित्त विभागात सीए आणि सीएमए शेजारी बसतात.

कालावधी ठरतो प्रशिक्षणाने. सीएला दोन वर्षांची आर्टिकलशिप (2023 पूर्वी ती तीन वर्षांची होती), सीएसला एकवीस महिने, सीएमएला पंधरा महिने. एकही प्रयत्न वाया न गेल्यास सीए साधारण साडेतीन वर्षांत होतो. पण नव्या योजनेत इंटरमीजिएट या मधल्या परीक्षेतील पेपरांचे दोन्ही गट सुटल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही, आणि वर्षे इथेच जातात. समजा, एका गटातील तीन पेपरांत 52, 47 आणि 48 गुण मिळाले. प्रत्येकात चाळीसच्या वर, पण बेरीज 147. गटाला 150 लागतात. कुठल्याही पेपरात साठ नसल्याने सूट नाही, तिन्ही पेपर पुन्हा. सीएची इंटरमीजिएट आता वर्षातून तीनदा होते. सीएस आणि सीएमएच्या मुख्य परीक्षा जून आणि डिसेंबरमध्येच असल्याने तिथे एक अपयश सहा महिन्यांचे ठरते.

संस्थांचे शुल्क तिन्हींत हप्त्याहप्त्याने, टप्प्यानुसार भरायचे असते. सीएच्या इंटरमीजिएटला सुमारे अठरा हजार, फायनलला बावीस हजार; सीएसची प्रवेश परीक्षा दोन हजारांत होते. खासगी शिकवणी आणि पुण्या-मुंबईतील राहणे यांचा खर्च याहून कितीतरी जास्त. आर्टिकलशिपमध्ये विद्यावेतन मिळते, पण त्यावर शहरात खोलीभाडे भागेलच असे नाही.